पेटीचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार

गेल्या पावसाळ्यात माझ्या पेटीच्या दोन पट्ट्या अडकायला लागल्या. बेळगावच्या पावसात लाकूड फुगतं, पट्टी दाबली की खाली बसते ती वर यायचं नाव घेत नाही, आणि सूर तसाच ओरडत राहतो. शहापुरातल्या एका गल्लीत पेट्या दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. पट्ट्या घासून मोकळ्या करणं हे अर्ध्या तासाचं काम. पण पेटी उघडलीच आहे तर सूरही एकदा बघून घ्या, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "अक्का, काळी एकलाच लावू, का कुठंही चालंल अशी लावू?"

मी सवयीनं सांगितलं, कुठंही चालेल अशी. आमच्या भजनी मंडळात कुणी चौथी काळी पट्टी सा धरून, म्हणजे काळी चारला गातं, कुणी पांढरी पाचला. शिवाय महिन्यातून दोनदा मी शेजारच्या कन्नड मंडळाच्या दासरपदांनाही साथ करते, तिथली पट्टी आणखी वेगळी. पण अण्णांचा हा एक प्रश्न म्हणजे पेटीवरच्या शंभर वर्षांच्या वादाचं अर्धं अंग आहे. पेटीत राग वाजतो का, या भांडणात लोक "परकं वाद्य" आणि "आपलं वाद्य" असं काहीबाही बोलत बसतात, आणि सुरांचं नेमकं काय होतं ते तसंच राहून जातं. ते एकदा नीट मांडावं असं फार दिवस मनात होतं.

आधी पेटीच्या पोटात काय असतं ते बघू. झाकण काढलं की आतल्या फळीवर पितळेच्या अरुंद पट्ट्या ओळीनं बसवलेल्या दिसतात. प्रत्येक पट्टीला मध्ये एक फट, आणि त्या फटीवर पितळेची एक पातळ जीभ, एका टोकाला घट्ट धरलेली, दुसरं टोक मोकळं. हिलाच आपण रीड म्हणतो, जुने लोक सूर म्हणतात. भात्यातली हवा त्या फटीतून जायला लागली की जीभ आत-बाहेर थरथरते, आणि त्या थरथरीचा आवाज होतो. जीभ लहान असेल तर सूर उंच, मोठी असेल तर खर्जातला. एकदा बसवली की तिची लांबी ठरली आणि सूरही ठरला. अण्णा सूर चढवायचा असला की जिभेच्या मोकळ्या टोकाला हलकी कानस मारतात, त्यामुळे टोक हलकं होतं आणि जास्त वेगानं थरथरतं. उतरवायचा असला तर मुळाशी खरवडतात. गाणं चालू असताना मात्र वाजवणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. सतारीची तार ओढता येते, सारंगीवर नख सरकवता येतं. पेटीची पट्टी दाबली तर सूर आहे, सोडली तर नाही.

असं हे वाद्य पॅरिसमधलं. अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिरानं १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. मूळचं वाद्य उंच, खुर्चीवर बसून वाजवायचं, पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबायच्या, कारण युरोपच्या संगीतात एका वेळी अनेक सूर लागतात. मिशनरी आणि गोऱ्या साहेबांच्या कुटुंबांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. चर्चसाठी मोठा ऑर्गन बोटीनं आणण्यापेक्षा हे सोयीचं होतं. कलकत्त्यात १८७५ साली 'द्वारकिन' ही वाद्यांची पेढी काढणारे द्वारकानाथ घोष यांनी त्याचं रूप बदललं. आपल्याकडे गाणारे-वाजवणारे जमिनीवर बसतात, आणि आपल्या गाण्याला एका वेळी एकच सुरावट पुरते. मग उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात मागच्या भात्यावर, असं केलं की पाय मोकळे. १८८० च्या दशकात ही हाताची पेटी तयार झाली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ती कीर्तनापासून गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या कोठीपर्यंत सगळीकडे पोचली.

आपल्या भागात ती रुजली ती नाटकामुळे. संगीत नाटकाची सुरुवात करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि गाणारं नाटक गावोगाव फिरायला लागलं. फिरत्या नाटक मंडळीला काय लागतं याचा जरा विचार करा. रात्रभर खेळ, कापडी मंडप, समोर हजार माणसं, आणि आवाज मोठा करणारं कुठलंही यंत्र नाही. नटाला सूर हवा तो त्याच क्षणी, स्पष्ट आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. सारंगी गळ्याच्या सगळ्यांत जवळची खरी, पण तिच्या तीसपेक्षा जास्त तरफा, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झणकारणाऱ्या तारा, बदलत्या हवेत परत परत जुळवाव्या लागतात, आणि ती शिकायला अर्धं आयुष्य जातं. त्यात त्या काळी सारंगीचं नाव कोठीशी जोडलेलं होतं, घरंदाज समाज तिच्यापासून अंग चोरून राहायचा. पेटीला यातली एकही अडचण नव्हती. पुढं बालगंधर्वांच्या रंगमंचासमोर पायाचा ऑर्गन आला, आणि कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे तर पेटीवर स्वतंत्र मैफल रंगवणारे म्हणून गाजले.

बेळगाव हे त्या वाटेवरचं मोठं ठाणं होतं. पंडित विठ्ठलराव कोरगावकर इथलेच. त्यांच्याकडे शिकलेले पंडित रामभाऊ विजापुरे मूळचे कागवाडचे. १९१७ साली जन्मलेले रामभाऊ २०१० साली गेले, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी बेळगावात पेटी शिकवण्यात घालवली. मराठी घरातली आणि कन्नड घरातली मुलं एकाच सतरंजीवर बसून त्यांच्याकडे शिकली. जिल्ह्याच्या त्या टोकाला श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य होतं तिथंही पेटी, आणि खानापूरच्या रानातल्या वाडीवर सप्ताह बसतो तिथंही पेटी. दोन्ही भाषांत तिला पेटीच म्हणतात.

एवढी घरातली झालेली वस्तू. मग तिच्यावर आक्षेप तरी काय?

आक्षेप दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. लोक दोन्हींची खिचडी करतात म्हणून वाद मिटत नाही. पहिला आक्षेप सूर कुठे लावलेत याबद्दल, दुसरा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर कसं जायचं याबद्दल.

पहिला आक्षेप कळायला थोडा हिशेब लागतो, पण शाळेतल्या गुणाकाराइतकाच. सूर म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपनं. आपल्या सा ची २४० कंपनं धरू, संगीताच्या पाठ्यपुस्तकांतही हाच आकडा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार याच्या निम्मी, म्हणजे १२०. पण तार फक्त १२० नं हलत नाही. ती त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानंही हलत असते, आणि तंबोऱ्याची जवारी नीट लागली असेल तर हे वरचे सूर वेगळे ऐकू येतात. १२० ची पाचपट ६००. आता ६०० म्हणजे कोणता सूर? तो आहे वरच्या सप्तकातला गंधार. म्हणजे तंबोऱ्यात कुणीही गंधाराची तार लावलेली नसताना खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. याला आपले लोक स्वयंभू गंधार म्हणतात. गाणारा माणूस शुद्ध गंधार लावतो तेव्हा तो नकळत याच सुराला जाऊन मिळतो. मध्य सप्तकात त्या गंधाराची कंपनं ३००, म्हणजे सा च्या बरोबर सव्वापट.

पेटीचा गंधार मात्र ३०० वर नसतो. आजच्या पेटीत एका सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा एकाच ठरावीक पटीनं उंच, ही पट सुमारे १.०५९५. सा पासून चार पायऱ्या चढलं की गंधार येतो, आणि त्याची कंपनं होतात ३०२.४. फरक फक्त २.४ कंपनांचा. कागदावर काहीच नाही. पण तंबोऱ्यातला वरचा गंधार ६०० आणि पेटीच्या गंधाराची दुप्पट ६०४.८, हे दोन सूर एकत्र वाजले की ते एकमेकांना धक्के देतात. सेकंदाला साधारण पाच वेळा आवाज फुगतो आणि बसतो. कानाला तो "वँव वँव वँव" असा डोल जाणवतो.

हे घरी करून बघता येतं, आणि प्रत्येकानं एकदा तरी बघावंच. तंबोरा नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालेल. आधी पेटीचा सा आणि तंबोऱ्याचा सा इतके जुळवून घ्या की दोन्ही मिळून एकच आवाज वाटेल, जरासुद्धा डोल राहू नये. ही पायरी चुकली तर पुढचं सगळं चुकतं. मग फक्त पंचमाची पट्टी दाबून धरा. आवाज जवळजवळ स्थिर राहील, कारण पंचम ३६० हवा आणि पेटीत तो ३५९.६ आहे. आता पंचम सोडून गंधार धरा, भाता हलका ठेवा आणि दहा सेकंद काही न करता ऐका. तो डोल एकदा कळला की मग कान त्याला विसरत नाही. तसाच डोल धैवतात सापडेल, जिथं ४०० ऐवजी ४०३.६ आहे, आणि निषादातही. रे आणि म ला मात्र फारसा त्रास नाही. कोमल ग आणि कोमल ध यांची गोष्ट उलटी, ते हवेत त्यापेक्षा थोडे खाली असतात.

म्हणून पेटीवरचा हा आक्षेप सगळ्या रागांना सारखा लागू होत नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सारंग घ्या. तिथं सा, रे, म, प यांच्यावरच मुक्काम, आणि पेटी तिथं गळ्याशी भांडत नाही. भूप घ्या. तिथं सगळं गाणं गंधारावर येऊन बसतं, आणि धैवत त्याचा जोडीदार. दोन्ही पेटीत चढे. भूपात गाणारा गंधारावर थांबला आणि पेटीवाल्यानंही तोच गंधार दाबून धरला, तर तंबोरा एकीकडे आणि पेटी दुसरीकडे अशी ओढाताण होते. गाणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण "आज सूर लागत नाहीये" असं वाटत राहतं.

मग पेटी सरळ तंबोऱ्यावरच का लावत नाहीत? लावता येते. अण्णांनी विचारलं होतं तेच. काळी एकला सा धरायचा आणि बाकीचे सूर तंबोऱ्याला मिळतील असे घासून घ्यायचे. काळी एकच्या माणसाला ती पेटी अमृतासारखी लागेल.

पण त्याच मैफलीत पुढचा गाणारा काळी दोनचा निघाला तर? हिशेब सोपा राहावा म्हणून काळी एकला २४० च धरू, खरा आकडा वेगळा असला तरी प्रमाण तेच राहतं. काळी दोन म्हणजे आधीच्या माणसाचा रे, तो आपण २७० वर लावलाय. आता नव्या गाणाऱ्याचा सा झाला २७०, आणि त्याला पंचम हवा दीडपट, म्हणजे ४०५. काळी दोनचा पंचम पडतो काळी पाचवर. पण काळी पाच हा तर पहिल्या माणसाचा धैवत, तो आपण ४०० वर लावून ठेवलाय. म्हणजे ज्या पंचमावर सगळं गाणं उभं राहायचं तोच पाच कंपनांनी खाली. समान भागांच्या पेटीतला गंधाराचा दोष यापुढे काहीच नाही. असा पंचम कुणाही श्रोत्याला बेसूर लागेल, त्यासाठी गाणं शिकलेलं असायची गरज नाही. एका माणसाचा धैवत शुद्ध केला की दुसऱ्याचा पंचम मोडतो. हा कारागिराचा दोष नाही, बारा पट्ट्यांचा दोष आहे. समान भागांची पेटी हा दोष सगळ्यांत थोडा थोडा वाटून टाकते, त्यामुळे कुठलीच पट्टी पूर्ण शुद्ध नसते आणि कुठलीच असह्यही नसते. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा सांगाडा सरकवून सा बदलतात. पण खालच्या रीड्स त्याच राहतात, म्हणून त्या पेटीला समान भाग सोडून दुसरं काही चालतच नाही.

यावर उत्तर शोधायचा मोठा प्रयत्न इथून जवळच सांगलीत झाला. तिथले निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारांची लांबी मोजून बावीस श्रुतींचा, म्हणजे एका सप्तकातल्या बावीस बारीक सुरांच्या जागांचा, हिशेब मांडला आणि १९१० साली त्याच्यावर पुस्तक काढलं. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब त्यांना गाऊन सूर दाखवायचे. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश यात सामील झाले, आणि त्यांच्या हिशेबानुसार सप्तकात बारापेक्षा जास्त सूर असलेली श्रुती हार्मोनियम थेट लंडनहून बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं ही पेटी मांडली गेली. तिथं ती मान्य झाली नाही. कुठल्या रागाला नेमकी कुठली श्रुती, यावर जमलेल्या गुणी लोकांचंच एकमत होईना.

मला यात देवलांचा पराभव दिसत नाही. त्यांनी सुराला फुटपट्टी लावून बघितली, आणि तसं बघितल्यावरच कळलं की गाणाऱ्याचा रे एकाच जागी उभा राहत नाही. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्यानं बनवली. तिच्यात राग सुरू करण्यापूर्वी खुंट्या ओढून त्या त्या सुराची वरची किंवा खालची श्रुती निवडता येते. पहिल्या आक्षेपाला हे खरंखुरं उत्तर आहे. दुसरा आक्षेप मात्र तिथंही शिल्लक राहतो, त्याच्याकडे आता येते.

त्याआधी रेडिओची हकिगत सांगायलाच हवी, कारण इथल्या पेटीवाल्यांच्या दोन पिढ्यांनी ती सोसली. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग बघणारे जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते. त्यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध जोरदार लेख लिहिला. तिचे सूर हिंदुस्थानी संगीताला मारक आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नको होती. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी आली. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं ते बंदी चालू असतानाच. म्हणजे बेळगावातल्या ज्या वादकाची साथ गायकाला मैफलीत हवी असायची, त्यालाच धारवाडच्या स्टुडिओत पेटी घेऊन बसता येत नव्हतं. तिथं सारंगी, नाहीतर व्हायोलिन. साथीसाठी पेटी परत आली ती १९७१ साली, आणि स्वतंत्र वादनाला त्यानंतरही बरीच वर्षं दार बंदच होतं.

व्हायोलिन चाललं आणि पेटी चालली नाही, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन्ही वाद्यं युरोपातून आलेली. व्हायोलिनला पडदे नाहीत, बोट सरकेल तिथं सूर आहे. म्हणून वाद परक्या-आपल्याचा नव्हताच मुळी. तो सरकण्याचा होता.

हाच दुसरा आक्षेप, आणि माझ्या मते हाच खरा. अडीच कंपनांचा फरक गाणारा सांभाळून घेतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, मात्र पेटीत नाहीच. दरबारी कानडा घ्या. त्याचा कोमल गंधार कुठं उभा राहत नाही. तो रिषभाच्या बाजूला झुकलेला असतो आणि तिथंच सावकाश झुलतो. हे झुलणं म्हणजेच दरबारी. पेटीवर कोमल ग ची पट्टी दाबून धरली की तो झोका थांबतो आणि खिळा मारल्यासारखा एक सूर उभा राहतो. पट्टी दाबून-सोडून झोका काढायचा प्रयत्न केला तर दारावर टकटक केल्यासारखं वाटतं.

मग दरबारीला साथ करायचीच नाही का? करतात, आणि उत्तम करतात. मला माझ्या गुरुजींनी शिकवलं ते सांगते. गाणारा कोमल ग वर झुलायला लागला की त्या पट्टीपासून बोट दूर ठेवायचं. रिषभ हलका धरून ठेवायचा, भाता जवळजवळ मिटत आलेला, इतका की पेटी वाजतेय हे पुढच्या रांगेला कळू नये. गाणारा झोका संपवून म वरून रे कडे उतरायला लागला की म धरायचा आणि तिथून रे वर येऊन थांबायचं. गुरुजी म्हणायचे, "जो सूर आपल्याकडे नाही तो मागून घ्यायचा नाही." पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. मी प्रत्येक सूर पकडायला धावायची, आणि माझ्या धावण्यानं गाणारा अडखळायचा.

मींडेच्या जागी आणखी एक युक्ती असते. पंचमावरून गंधारावर घसरायचं असेल तर पंचमाची पट्टी सोडून मग गंधाराची दाबली तर मध्ये खाच पडते. म्हणून पंचम सोडायच्या आधी पुढची पट्टी दाबायची, दोन्ही सूर क्षणभर एकमेकांवर राहू द्यायचे, आणि त्याच क्षणी डाव्या हातानं भात्याचा जोर कमी करायचा. मींड होत नाही, पण खाच बुजते. ऐकणाऱ्याच्या कानात गाणाऱ्याची मींड असतेच, पेटीनं तिच्या आड यायचं नाही एवढंच. चांगला साथीदार ओळखायचा असेल तर त्याची बोटं किती पळतात ते बघू नका, डावा हात बघा.

इतकं असूनही गाणारे पेटी का मागतात? कारण गळ्याला श्वास घ्यावा लागतो. गाणारा षड्जावर येऊन श्वास घेतो तेव्हा तो षड्ज पेटी पुढं धरून ठेवते, आणि मैफलीचा धागा तुटत नाही. सारंगी हे काम याहून सुरेख करते. पण आज निपाणीच्या किंवा चिकोडीच्या कार्यक्रमाला सारंगीवाला कुठून आणणार?

जिथं मी पेटीच्या विरोधकांच्या बाजूनं उभी राहते ती जागा एकच, लहान मुलांचं शिकणं. आमच्याकडे येणारी मुलं घरी तंबोरा न लावता नुसत्या पेटीवर पलटे घोटतात. सहा महिन्यांत त्यांचा गळा पेटीच्या गंधारावर पक्का होतो. मग तंबोऱ्यापुढं बसवलं की तोच गंधार डोलायला लागतो, आणि मुलाला वाटतं तंबोराच बिघडलाय. एका मुलीनं तर मला तसं सांगितलंही, तिच्या कानाला तेच खरं वाटत होतं. तो गंधार खाली आणायला आम्हाला पूर्ण हिवाळा लागला. रोज पंधरा मिनिटं पेटी बंद, फक्त तंबोरा, आणि एकच सूर. एके सकाळी तिनं गंधार लावला आणि डोल थांबला. ती गाता गाता थबकली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिलाही ते ऐकू आलं होतं.

पंधरा दिवसांनी पेटी आणायला गेले तेव्हा घरातली दुसरी जुनी पेटीही बरोबर नेली. मंडळाची पेटी बारा समान भागांचीच राहिली. जुनी मात्र अण्णांनी माझ्या तंबोऱ्यावर काळी चारला लावून दिली. गंधार आहे पांढरी एक, तो मुळाशी खरवडून खाली आणला, तसाच धैवत पांढरी चारचा आणि निषाद पांढरी पाचचा. दर वेळी दोन-तीनदा कानस मारायची, रीड परत बसवायची, तंबोऱ्याशेजारी वाजवायची, डोल किती उरला ते ऐकायचं, परत काढायची. तीन सुरांना दुपार गेली. आता मुलं सकाळी याच पेटीवर बसतात. काळी चार सोडून दुसऱ्या कुठल्याही पट्टीत वाजवू नये, असं मी झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलंय, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये.